एका रात्रीत कराराचा सारांश: दोन कलमं एकमेकांना खोडतात तेव्हा

सोयीसाठी एक काल्पनिक प्रसंग घेऊ. मुंबईत फोर्टमधलं एक लहान वकिली ऑफिस आहे. तिथे कामाला लागून वर्षही न झालेला ज्युनिअर क्लार्क, त्याला दिनेश म्हणू. संध्याकाळी साडेसातला मॅडम निघता निघता त्याच्या टेबलावर फाइल ठेवतात. "क्लायंट उद्या दहाला येतोय, लिव्ह अँड लायसन्स आहे, ऑफिसची जागा. दोन पानांत सारांश काढून ठेव. सही उद्याच करायची म्हणतायत." करार 48 पानांचा आहे, इंग्रजीत आहे, आणि समोरच्या पक्षाच्या, म्हणजे जागामालकाच्या वकिलांनी बनवलेला आहे. आपला क्लायंट जागा घेणारा.

रात्री दीडच्या सुमाराला दिनेशला कलम 5 आणि कलम 17 एकमेकांच्या विरुद्ध जाताना दिसतात. तो तिथे कसा पोहोचला आणि पुढे त्याने काय केलं, ते क्रमाने पाहू. नशिबावर न सोडता अशी विसंगती हाती लागावी, अशी वाचायची एक पद्धत आहे.

आधी कागद तोच आहे ना, ते बघा

पहिली पंधरा मिनिटं वाचण्यात घालवू नका. फाइलमधली प्रिंट आणि ईमेलवर आलेला शेवटचा ड्राफ्ट एकच आहे का, ते आधी तपासा. "फायनल", "फायनल रिव्हाइज्ड", "फायनल क्लीन" अशा नावांच्या तीन फाइल एकाच ईमेलसाखळीत सापडणं ही रोजची गोष्ट आहे. तारीख आणि पानांची संख्या जुळवा. मजकुरात ज्या ज्या अ‍ॅनेक्शरचा उल्लेख आहे ते सगळे शेवटी जोडलेले आहेत का, तेही बघा. दिनेशच्या करारात अ‍ॅनेक्शर तीन म्हटले होते आणि जोडलेले दोनच होते. तिसरा, म्हणजे फर्निचरची यादी, अजून यायचा होता. सारांशाची पहिली ओळ तिथेच तयार झाली.

याच वेळी व्यवहार ठरताना झालेला पत्रव्यवहार शोधून ठेवा. बहुतेक वेळा करारापूर्वी एक-दीड पानाचं लेटर ऑफ इंटेंट असतं. त्यात पक्षांनी साध्या भाषेत काय ठरवलं होतं ते असतं. ते आत्ता वाचायचं नाही, बाजूला ठेवायचं. आधी वाचलं की करारात ते नसलं तरी आहे असं वाटायला लागतं.

कलमांच्या क्रमाने सारांश लिहू नका

नव्या माणसाचा सारांश ओळखायला सोपा असतो. कलम 1 मध्ये हे म्हटलं आहे, कलम 2 मध्ये ते, अशी 48 पानांची चार पानं झालेली असतात. अशा सारांशात विसंगती कधीच सापडत नाही. कलम 5 लिहिताना कलम 17 वाचलेलं नसतं, आणि कलम 17 पर्यंत पोहोचेस्तोवर कलम 5 डोक्यातून गेलेलं असतं. दोन्ही वाक्यं आपापल्या जागी बरोबर लिहिली जातात आणि कोणालाच काही खटकत नाही.

त्याऐवजी विषयांचा तक्ता करा. कोऱ्या कागदावर उभी रेघ मारून डावीकडे प्रश्न लिहा: जागा किती काळ, दरमहा पैसे किती आणि कधी वाढणार, डिपॉझिट किती आणि परत कधी, करार मुदतीआधी कोण मोडू शकतं आणि मोडल्यास काय भरायचं, दुरुस्ती कोणाची, थकबाकी झाली तर काय, नोटीस कुठे आणि कशी द्यायची, वाद कुठे चालणार. उजवीकडे उत्तर लिहा आणि प्रत्येक उत्तरापुढे कलमाचा नंबर टाका. नंबराशिवाय एकही ओळ लिहायची नाही. करार पहिल्या पानापासून वाचत जा आणि जे वाक्य ज्या प्रश्नाचं उत्तर देतं ते त्या रकान्यात टाका. एकाच कलमातली चार वाक्यं चार रकान्यांत गेली तरी चालेल.

या तक्त्याचा खरा उपयोग असा की वीस-बावीस पानं अंतरावर असलेली दोन वाक्यं एकाच चौकोनात येऊन बसतात. दिनेशच्या तक्त्यात "मुदतीआधी कोण मोडू शकतं" या प्रश्नापुढे तीन नोंदी झाल्या. मराठीत सांगायचं तर त्या अशा:

कलम 5.1: पहिले 36 महिने लॉक-इन. या काळात कोणत्याही पक्षाला करार संपवता येणार नाही.

कलम 5.2: करारात अन्यत्र काहीही म्हटलेलं असलं तरी, जागा घेणाऱ्याने लॉक-इनमध्ये जागा सोडली तर लॉक-इनच्या उरलेल्या महिन्यांची लायसन्स फी त्याला भरावी लागेल. मालक ती डिपॉझिटमधून वळती करू शकेल.

कलम 17.2: करारात अन्यत्र काहीही म्हटलेलं असलं तरी, जागा घेणाऱ्याला मुदतीत केव्हाही तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल, आणि उरलेल्या काळासाठी कोणतंही कॉम्पेन्सेशन द्यावं लागणार नाही.

एका प्रश्नाला दोन उत्तरं आली आहेत. थांबायची जागा हीच.

संगणकावर शोधून बाकीचं गोळा करा

विसंगती दिसली की त्याच विषयावरचं तिसरं-चौथं वाक्य कुठे दडलंय का, ते लगेच शोधावं लागतं. फाइल उघडून हे शब्द एकेक करून शोधा. शब्द मुद्दाम अर्धवट ठेवलेत, म्हणजे त्याची सगळी रूपं सापडतील:

```
terminat
lock
notwithstanding
subject to
unexpired
```

पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर शोध रिकामा येतो आणि माणूस निर्धास्त होतो. म्हणून आधी समोर दिसणारा एखादा शब्द शोधून बघा. तो सापडला नाही तर ती फाइल म्हणजे नुसती चित्रं आहेत. मग बोट ठेवून पानं चाळण्याला पर्याय नाही. शब्द दोन ओळींत तुटला असेल तरी शोध चुकतो.

दिनेशला या शोधात दोन कामाच्या गोष्टी मिळाल्या. कलम 22 मध्ये कराराचा मजकूर आणि अ‍ॅनेक्शर यांच्यात फरक पडला तर मजकूर ग्राह्य धरावा, असं होतं. पण इथे भांडण मजकुराचं मजकुराशीच होतं, त्यामुळे त्या कलमाचा उपयोग नव्हता. कलम 24 मध्ये म्हटलं होतं की आधीचा सगळा पत्रव्यवहार या कराराने मागे पडला. ती नोंद पुढे महत्त्वाची ठरणार होती.

खरंच विसंगती आहे का, ते तपासा

इथे घाई करू नका. नवखा माणूस रात्री जे "विरोधाभास" शोधतो त्यातले बरेच सकाळी मॅडम अर्ध्या मिनिटात सोडवतात. दोन कलमं एकत्र नांदू शकत असतील तर ती तशीच वाचायची, हा करार वाचण्याचा पहिला नियम आहे. दोन कलमं एकमेकांवर आदळतात असं म्हणण्यापूर्वी ती जुळवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करून बघावा लागतो.

दिनेशच्याच करारात असं एक फसवं उदाहरण होतं. कलम 6.3 म्हणत होतं की जागेचा ताबा देताक्षणी डिपॉझिट परत. कलम 6.5 म्हणत होतं की वीजबिलाचा हिशोब झाल्यावर पंधरा दिवसांत परत. पण 6.3 ची सुरुवातच "कलम 6.5 ला अधीन राहून" अशी होती. म्हणजे 6.3 ने आपणहून मान खाली घातली होती आणि 6.5 लागू होत होतं. हे क्लायंटला सांगावं लागेल, पण ही विसंगती नव्हे.

जुळवून बघताना स्वतःला तीन गोष्टी विचारा. दोन्ही कलमं एकाच माणसाबद्दल बोलतात का? एक मालकाच्या हक्काबद्दल आणि दुसरं जागा घेणाऱ्याच्या हक्काबद्दल असेल तर भांडण नसतं. दोन्ही एकाच काळाबद्दल बोलतात का? कलम 17.2 फक्त लॉक-इननंतरच्या महिन्यांबद्दल असतं तर ते 5.2 शेजारी सुखाने राहिलं असतं. आणि एक दुसऱ्याला मर्यादा घालतं की पुरतं पुसून टाकतं?

17.2 ची तिन्ही उत्तरं वाईट आली. माणूस तोच, जागा घेणारा. काळ तोच, कारण "मुदतीत केव्हाही" म्हणजे पहिल्या महिन्यापासून. आणि उरलेल्या काळासाठी काहीच द्यायचं नाही असं म्हटल्यावर 5.2 मध्ये उरतं काय? शिवाय "अन्यत्र काहीही म्हटलेलं असलं तरी" हे शब्द दोन्हीकडे आहेत. एकाकडे असते तर वरचढ कोण ते कळलं असतं. इथे दोघेही मीच मोठा म्हणतायत.

अशा वेळी कलमाची भाषा जवळून बघा. पूर्ण करारात दरमहा रकमेला "लायसन्स फी" म्हटलं होतं. 17.2 मध्ये मात्र "कॉम्पेन्सेशन" आलं होतं आणि तो शब्द व्याख्यांच्या कलमात कुठेच नव्हता. लॉक-इन हा शब्दही तिथे नव्हता. हे कलम दुसऱ्याच कुठल्यातरी जुन्या करारातून उचललं गेलं असावं, याची ही चांगली खूण. व्याख्येबाहेरचा शब्द, वेगळा फाँट, नंबरांतली उडी, असं काही दिसलं की तिथे नीट थांबायचं.

आता बाजूला ठेवलेलं लेटर ऑफ इंटेंट उघडा. त्यात एक ओळ होती: लॉक-इन 36 महिने, त्यानंतर जागा घेणाऱ्याला तीन महिन्यांच्या नोटिशीवर जाता येईल. म्हणजे ठरलं होतं ते हे, आणि 17.2 मधून "त्यानंतर" एवढंच गळलं होतं.

पैशात मांडा

कलमांची भाषा क्लायंटच्या कानावरून जाते, रकमेची जात नाही. म्हणून एक तारीख धरून दोन्ही कलमांनी हिशोब करा. दिनेशने असा केला. लायसन्स फी महिना 3 लाख, डिपॉझिट 18 लाख, पहिले 36 महिने फी वाढत नाही. जीएसटी बाजूला ठेवू. समजा क्लायंटने चौदावा महिना संपताना नोटीस दिली आणि सतरावा महिना संपताना जागा सोडली. नोटिशीच्या तीन महिन्यांचे 9 लाख दोन्हीकडे सारखेच.

कलम 17.2 धरलं तर पुढे काही देणं नाही आणि डिपॉझिटचे 18 लाख परत. कलम 5.2 धरलं तर लॉक-इनचे 36 वजा 17, म्हणजे 19 महिने उरतात आणि त्याचे 57 लाख होतात. मालक डिपॉझिटचे 18 लाख ठेवून घेईल आणि वर 39 लाख मागेल. एका नोटिशीवर 57 लाखांचा फरक. हे एक वाक्य सारांशाच्या डोक्यावर असायला हवं.

एक पुस्ती मात्र जोडा. करारात रक्कम लिहिली म्हणजे ती सगळीच्या सगळी वसूल होतेच असं नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे न्यायालय लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. पण ही लढाई नंतरची आहे, आणि डिपॉझिट तोवर मालकाच्या खिशात आहे.

निकाल तुम्ही देऊ नका

इथपर्यंत आलं की मोह होतो: कुठलं कलम चालेल ते शोधून काढू आणि तेवढंच सारांशात टाकू. दिनेशनेही नियम शोधले. ते त्याला एकाच दिशेला नेईनात. सर्वोच्च न्यायालयाने राधा सुंदर दत्ता विरुद्ध मोहम्मद जहादुर रहीम या निवाड्यात (एआयआर 1959 एससी 24) म्हटलंय की दस्तातली कलमं जुळतच नसतील तर आधीचं कलम नंतरच्यावर मात करतं. या हिशोबाने 5.2 जिंकतं आणि आपला क्लायंट हरतो. मृत्युपत्रात नेमकं उलटं असतं. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 88 प्रमाणे तिथे शेवटचं कलम टिकतं, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नका. दुसरा नियम सांगतो की संदिग्धता असेल तर मसुदा करणाऱ्याच्या विरुद्ध अर्थ काढावा. मसुदा मालकाचा आहे, म्हणजे 17.2 ला बळ मिळतं.

दोन नियम दोन दिशांना ओढतात तेव्हा मत देणं हे सहीच्या अधिकाराच्या माणसाचं काम आहे. क्लार्कचं काम दोन्ही कलमं झाकली न जाता समोर येतील हे बघणं.

अजून एक मोह याहून वाईट आहे. 17.2 आपल्या क्लायंटच्या फायद्याचं आहे, मग गप्प बसलं तर काय बिघडलं? बरंच बिघडतं. क्लायंट तीन महिन्यांत सुटता येतं असं धरून चालेल. मालक 5.2 दाखवून डिपॉझिट अडकवेल आणि कोर्टाची पायरी आपल्या माणसालाच चढावी लागेल. तिथे मालक लेटर ऑफ इंटेंट काढेल. कलम 24 ने ते मागे पडलं असं आपण म्हणू, पण विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 च्या कलम 26 खाली दोन्ही पक्षांच्या चुकीमुळे दस्तात खरा हेतू उतरला नसेल तर दस्त दुरुस्त करून मागता येतो. तिथे हेच दीड पान पुरावा म्हणून त्याच्या कामी येईल. फायद्याची दिसणारी संदिग्धता मुळात फायदा नसते, हे माझं मत. मॅडमना वेगळं वाटू शकतं, पण त्यांना ठरवता यावं म्हणून आधी कळायला तर हवं.

सारांशात कसं लिहायचं

दोन पानांच्या मथळ्याखाली, पक्षांच्या नावांच्याही आधी, एक चौकट. दिनेशने लिहिलेली अशी:

"सहीपूर्वी निर्णय हवा. लॉक-इनमध्ये जागा सोडल्यास काय भरायचं, याबाबत कलम 5.2 (पान 9) आणि कलम 17.2 (पान 31) परस्परविरुद्ध आहेत. दोन्हींत अन्यत्र काही असलं तरी लागू राहण्याची भाषा आहे. कलम 22 प्राधान्यक्रम ठरवतं, पण फक्त अ‍ॅनेक्शरच्या बाबतीत. सतराव्या महिन्याअखेरीस जागा सोडल्यास फरक रु. 57 लाख. लेटर ऑफ इंटेंटमध्ये तीन महिन्यांची नोटीस लॉक-इननंतर असं आहे. दोन्ही कलमांचा मूळ मजकूर मागे जोडला आहे."

यात काय नाही तेही बघा. "बहुधा", "चूक झालेली दिसते", "आपण असं करावं" यातलं काहीच नाही. मूळ मजकूर इंग्रजीत, जसाच्या तसा, स्वल्पविरामासकट जोडायचा. स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या कलमावर कोणी निर्णय घेऊ नये.

आणि ड्राफ्टला हात लावू नका. 17.2 मध्ये दोन शब्द घालून फाइल सेव्ह करून ठेवली आणि ती चुकून पुढे गेली, तर ट्रॅक चेंजेसशिवाय केलेला तो बदल ऑफिसच्या नावाला लागतो.

रात्री कळवायचं की सकाळी

सही दहाला असेल तर सकाळी नऊला चिठ्ठी ठेवणं उशिराचं आहे. समोरच्या वकिलांना ड्राफ्ट बदलायला वेळ लागतो. रात्री दीडला फोन करून झोपमोड करण्याइतकं मात्र हे नाही. मधला मार्ग म्हणजे मॅडमना ईमेल, आणि त्यांच्या एकट्याच्या फोनवर दोन ओळींचा मेसेज. दिनेशचा मेसेज असा होता: "मॅडम, लॉक-इनबद्दल 5.2 आणि 17.2 जुळत नाहीत, फरक मोठा आहे. ईमेल केलाय. सहीआधी तुमच्याशी पाच मिनिटं बोलायला हवं." क्लायंटचं नाव नाही, रक्कम नाही, पानाचा फोटो नाही. ऑफिसच्या ग्रुपवर टाकलेला फोटो कुठपर्यंत जाईल त्याचा नेम नसतो. क्लायंटला किंवा समोरच्या वकिलांना थेट कळवायचं तर नाहीच.

सकाळी पावणेसातला उत्तर आलं. "बघितलं. नऊला ये. रेडलाइनही काढून ठेव, 17.2 कधी आलं ते कळू दे."

रेडलाइन, म्हणजे जुने ड्राफ्ट एकमेकांशी ताडून बघणं, खरं तर रात्रीच करायला हवं होतं. वर्डमध्ये दोन फाइलींची तुलना करता येते. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये 17.2 नव्हतं, तिसऱ्यात आलं होतं, आणि सोबतच्या ईमेलमध्ये त्याबद्दल चकार शब्द नव्हता. म्हणजे ते वाटाघाटीत मिळवलेलं कलम नव्हे, हे आता ठामपणे सांगता येत होतं.

दुरुस्ती

सही झालेली नसेल तर काम सोपं असतं. मॅडमनी क्लायंटला विचारलं, त्याला लॉक-इन मान्य होतं, फक्त उरलेले सगळे महिने भरणं जड वाटत होतं. मग दोन्ही बाजूंनी बोलून 17.2 ची सुरुवात "लॉक-इनचा काळ संपल्यानंतर" अशी झाली, तिथली "अन्यत्र काहीही" ही शब्दरचना गेली, "कॉम्पेन्सेशन" चं "लायसन्स फी" झालं, आणि 5.2 मध्ये भरण्याच्या रकमेला सहा महिन्यांच्या फीची कमाल मर्यादा आली. वरच्या हिशोबात 57 लाखांऐवजी 18 लाख, म्हणजे जेवढं डिपॉझिट तेवढंच.

सही आणि नोंदणी झाल्यावर हेच सापडलं तर रस्ता लांबचा आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे. त्यामुळे पेनने खोडून आद्याक्षरं करून भागत नाही. टंकलेखनाची चूक असेल तर चूक दुरुस्ती पत्र, आणि अटच बदलायची असेल तर पुरवणी करार, दोन्हीवर दोन्ही पक्षांच्या सह्या आणि पुन्हा नोंदणी. समोरचा तयार नसेल तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 26 खाली दावा उरतो.

दुरुस्त ड्राफ्ट आला की तक्त्यातला तोच रकाना पुन्हा भरा, आधीच्या नोंदी न बघता. दिनेशच्या बाबतीत 17.1 वगळल्यामुळे 17.2 चं आता 17.1 झालं होतं, आणि कलम 19 मध्ये "17.2 प्रमाणे दिलेली नोटीस" असा उल्लेख तसाच राहिला होता. सही अकराला झाली, ती तो नंबर बदलल्यावर.